लटकत्या जड दोरावरची पल्स: कुठे किती वेग आणि वर पोचायला किती वेळ

अकरावीच्या लहरींच्या धड्यात हे गणित कधी ना कधी समोर येतंच. एक जड दोर छताला टांगला आहे, त्याचं खालचं टोक मोकळं आहे. त्या टोकाला आडवा झटका दिला, तर दोरावर उठलेला फुगवटा, म्हणजे पल्स, वरपर्यंत पोचायला किती वेळ लागेल? मुलं v = √(T/μ) हे सूत्र बरोबर लिहितात आणि T च्या जागी काय घालायचं इथे अडतात. कोणी दोराचं पूर्ण वजन घालतं, कोणी अर्धं. दोन्ही उत्तरं चुकतात आणि थोडीथोडकी नाही, चांगलीच चुकतात.

फोंड्याकडे उच्च माध्यमिकच्या मुलांना फिजिक्स शिकवताना मी हे गणित फळ्यावर सोडवून सोडून देत नाही, जिन्याच्या मधल्या पोकळीत दोर सोडून करायला लावतो. या गणिताचं उत्तर दोन सेकंदांच्या आसपास येतं. म्हणजे पल्स डोळ्यांना दिसते आणि साध्या मोबाईलने मोजताही येते. लहरींच्या धड्यातल्या फार थोड्या गोष्टींबद्दल असं म्हणता येतं. म्हणून आधी कागदावरचं काम आणि मग दोरावरचं, या क्रमाने जाऊ. सगळीकडे एकच दोर धरून चालू: लांबी ८ मीटर, वजन २ किलो.

पायरी १: ताण कुठे किती, ते ठरवा

सगळं गणित या एका पायरीवर उभं आहे, त्यामुळे इथे घाई करू नका.

दोरावरचा कुठलाही एक बिंदू घ्या आणि तिथे दोर मनातल्या मनात कापा. खालचा तुकडा पडेल. प्रत्यक्षात तो पडत नाही, कारण वरचा भाग त्याला धरून आहे. म्हणजे त्या बिंदूपाशी ताण नेमका तेवढाच, जेवढं त्याच्या खाली लटकलेल्या दोराचं वजन. वर किती दोर आहे याच्याशी त्या बिंदूला काही देणंघेणं नाही.

आपला दोर ८ मीटरला २ किलो, म्हणजे मीटरला पाव किलो. हा μ. उंची y आपण खालच्या टोकापासून मोजू. y उंचीच्या खाली μy इतकं वस्तुमान लटकतं, म्हणून

T = μ·g·y

खालच्या टोकाशी ताण शून्य. २ मीटरवर अर्धा किलो दोर खाली आहे, म्हणजे ताण ४.९ न्यूटन. अगदी वर, गाठीपाशी, पूर्ण २ किलोचा, म्हणजे १९.६ न्यूटन.

काही पुस्तकांत अंतर वरून मोजलेलं असतं. तिथे ताण μg(L − x) असा दिसतो. दोन्ही बरोबर आहेत, पण एका गणितात एकच पद्धत ठेवा. अर्धं गणित वरून आणि अर्धं खालून केलं की उत्तर उलटं येतं: पल्स खाली वेगात आणि वर हळू. असं उत्तर आलं तर समजा की मधेच मोजायची दिशा बदलली आहे. मी खालून मोजायला सांगतो, कारण त्यात सूत्र सुटसुटीत राहतं.

पायरी २: त्या ताणातून वेग काढा

v = √(T/μ) हे सूत्र कुठून येतं ते दोन वाक्यांत सांगतो, कारण त्याची मर्यादा पुढे लागणार आहे. पल्सबरोबर आपणही वर जातोय अशी कल्पना करा. मग पल्सचा फुगवटा जागच्या जागी दिसतो आणि दोर त्यातून v वेगाने सरकत खाली जातो. फुगवट्याच्या माथ्यावरचा छोटा तुकडा वळण घेतो, त्या वळणासाठी लागणारं बल दोन्ही बाजूंच्या ताणातूनच मिळतं, आणि हिशेब मांडला की v² = T/μ उरतं. यात दोन गोष्टी गृहीत धरल्या आहेत: फुगवटा लहान आहे, आणि दोर वाकायला काहीही विरोध करत नाही.

आता T घाला:

v² = μ·g·y / μ = g·y
म्हणून v = √(g·y)

μ निघून गेला. जाड दोर असो की बारीक, सुती असो की लोखंडी साखळी, एकसारखा असेल तर ठरावीक उंचीवर वेग तोच. जड दोरात ताण जास्त असतो, पण हलवायचं वस्तुमानही त्याच प्रमाणात जास्त असतं. आमच्याकडे पावसाळ्यात सुती दोर चांगलाच ओल धरतो आणि मुलं विचारतात की आता सगळं पुन्हा करायचं का. ओल सगळ्या दोरात सारखी असेल तर काहीच बदलत नाही. दोर भिजवून नुकताच टांगला असेल आणि पाणी निथळून खाली साचत असेल, तर मात्र खालचा भाग जड होतो, μ सगळीकडे सारखा राहत नाही आणि हे सूत्र लागू पडत नाही.

आपल्या दोरावरचे वेग (g = ९.८ धरून, गोव्यात खरा आकडा ९.७८ च्या आसपास आहे, पण त्या फरकाने इथे काही बिघडत नाही):

अर्ध्या मीटरवर २.२१ मीटर प्रति सेकंद,
२ मीटरवर ४.४३,
४ मीटरवर ६.२६,
८ मीटरवर, गाठीपाशी, ८.८५.

उंची चौपट झाली की वेग दुप्पट होतो. अर्ध्या मीटरवरून २ वर या, २ वरून ८ वर जा, दोन्ही वेळा हेच दिसेल.

पायरी ३: एकूण वेळ

वेग जागोजागी बदलतो, त्यामुळे अंतर भागिले वेग असं एका दमात करता येत नाही. दोराचा dy एवढा बारीक तुकडा ओलांडायला dy/√(gy) वेळ लागतो. असे सगळे तुकडे खालपासून वरपर्यंत मिळवायचे. ज्यांचं इंटिग्रेशन झालं आहे त्यांना ही एका ओळीची बेरीज आहे:

t = ∫₀ᴸ dy/√(g·y) = 2·√(L/g)

आपल्या दोराला २ × √(८ ÷ ९.८) = १.८१ सेकंद.

इंटिग्रेशन अजून झालं नसेल तरी अडत नाही. v² = gy हे नीट बघा. एका जागेवरून निघून सारख्या त्वरणाने धावणाऱ्या वस्तूसाठी आपण v² = 2as लिहितो. दोन्ही शेजारी ठेवले की दिसतं: पल्स g/2 एवढ्या, म्हणजे ४.९ मीटर प्रति सेकंद वर्ग, त्वरणाने वर चढते, आणि हे त्वरण खालपासून वरपर्यंत बदलत नाही. वेग बदलतो, त्वरण नाही. मग s = ½at² वापरा: ८ = ½ × ४.९ × t², t = १.८१. तेच उत्तर.

या गणितातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच. वरून सोडलेला दगड g ने खाली येतो, खालून सोडलेली पल्स g/2 ने वर जाते. दोघांना एकाच क्षणी सोडलं तर ते दोराच्या खालून एक तृतीयांश उंचीवर एकमेकांना भेटतात, मग दोर कितीही लांब असो. स्वतः करून बघा: दगडाची उंची L − ½gt², पल्सची ¼gt². दोन्ही सारख्या मांडल्या की L/3 येतं.

आता सुरुवातीच्या चुका किती महागात पडतात ते बघा. दोराचं पूर्ण वजन T म्हणून घातलं तर वेग सगळीकडे ८.८५ आणि वेळ ०.९० सेकंद, खऱ्याच्या निम्मा. अर्धं वजन, म्हणजे मधल्या बिंदूचा ताण घातला तर वेग ६.२६ आणि वेळ १.२८ सेकंद. ही दुसरी चूक जास्त फसवी आहे, कारण ‘सरासरी ताण घेतला’ हे ऐकायला पटतं. पण पल्स दोराच्या खालच्या भागात रेंगाळते. पहिले २ मीटर चढायलाच तिचा निम्मा वेळ, ०.९० सेकंद, जातो आणि उरलेले ६ मीटर ती उरलेल्या निम्म्या वेळात पार करते. सरासरी ताणाला हे रेंगाळणं दिसत नाही. सरासरी घ्यायचीच असेल तर दोन टोकांच्या वेगांची घ्या: ० आणि ८.८५ ची सरासरी ४.४३, आणि ८ भागिले ४.४३ म्हणजे १.८१. त्वरण स्थिर असल्यामुळे ही सरासरी चालते. परीक्षेत उत्तर तपासायला ही सोपी युक्ती आहे.

एक प्रश्न दर वर्षी कोणीतरी विचारतंच आणि तो चांगला प्रश्न आहे: “सर, अगदी टोकाला वेग शून्य आहे, मग पल्स तिथून निघणार कशी?” हातातून सुटलेल्या दगडाचाही पहिल्या क्षणी वेग शून्यच असतो, पण त्वरण असतं. इथेही तसंच. शिवाय खरी पल्स एका बिंदूएवढी नसते, तिला रुंदी असते. ती टोकाच्या थोडी वरूनच सुरू होते.

पायरी ४: दोर निवडा आणि टांगा

म्हापशाच्या बाजारात काय, कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात काय, दोर ढीगभर मिळतात, पण या प्रयोगाला सगळे चालत नाहीत. काथ्याचा सुंभ ताठ असतो. मच्छीमारीसाठी वापरतात ते नवे नायलॉनचे किंवा प्लास्टिकचे दोरही ताठ असतात आणि गुंडाळीचा वाक विसरत नाहीत. टांगल्यावर खालचं टोक शेपटीसारखं वळलेलं राहतं. दोर वाकायला विरोध करत नाही हे आपण गृहीत धरलं होतं, आणि ताण सगळ्यांत कमी असतो तो खालच्या भागातच. त्यामुळे ताठ दोर नेमका तिथेच दगा देतो.

अंगठ्याएवढा जाड, वापरून मऊ झालेला सुती दोर उत्तम. विकत घेताना दुकानातच हातभर दोर मोकळा लोंबू द्या; तो सरळ खाली पडला तर घ्या. बारीक कड्यांची साखळी मिळाली तर तीही छान चालते.

जागा आतली हवी. बाहेर गच्चीवरून सोडलेला दोर वाऱ्याने हलतच राहतो, आणि किनारपट्टीला दुपारनंतर वारा हमखास असतो. तीन मजली इमारतीच्या जिन्यामधली पोकळी सर्वांत बरी. वरची गाठ भक्कम कठड्याला किंवा लोखंडी कडीला मारा, दोन्ही हातांनी ओढून तपासा, आणि प्रयोग चालू असताना दोराच्या बरोबर खाली कोणी उभं राहणार नाही हे बघा. खालचं टोक जमिनीपासून वीतभर वर राहू दे. जमिनीवर टेकलेला दोर स्वतःचं थोडं वजन जमिनीवर टाकतो आणि मग टोक कुठलं धरायचं तेच कळत नाही.

लांबी दोर टांगल्यावरच मोजा, गाठीच्या खालच्या कडेपासून टोकापर्यंत. वजन शक्यतो टांगण्याआधी करून ठेवा. वेगाच्या सूत्रात त्याची गरज नाही, पण पुढे खाली भार बांधायचा झाला तर लागेल.

पायरी ५: फिती योग्य जागी बांधा

मुलांना सांगितलं की उंचीच्या खुणा करा, तर ती दर मीटरला एक फीत बांधतात. मी वेगळ्या उंची सुचवतो. टोकापासून

२५ सेंटिमीटर, १ मीटर, २.२५ मीटर, ४ मीटर, ६.२५ मीटर.

यांची वर्गमुळं काढा: ०.५, १, १.५, २, २.५. प्रत्येक वेळी बरोबर अर्ध्याने वाढतात. y उंचीवर पोचायचा वेळ 2√(y/g), म्हणजे √y च्या प्रमाणात असतो, म्हणून पल्स या पाचही फितींना सारख्या अंतराने भेटते, दर ०.३२ सेकंदाला एक. फितींमधली अंतरं पाऊण मीटर, सव्वा, पावणेदोन, सव्वादोन अशी वाढत जातात आणि वेळ मात्र तोच राहतो.

याचा फायदा असा की प्रयोग बरोबर होतो आहे की नाही हे मोजमाप करायच्या आधीच कळतं. दोन-चार वेळा पल्स सोडून बघितली की डोळ्यांना ताल लागतो: टप, टप, टप, टप. घुमट वाजवणारी एखादी मुलगी वर्गात असली तर तिला बघायला बसवा. ताल कुठे घसरला ते तिला पहिल्यांदा कळतं. फिती भडक रंगाच्या आणि हलक्या घ्या, कागदाच्या किंवा कापडाच्या पातळ पट्ट्या. गाठी मारून जड करू नका.

पायरी ६: झटका द्या आणि चित्रीकरण करा

दोर पूर्ण थांबू द्या. ८ मीटरचा दोर एकदा झुलू लागला की एका झोक्याला पावणेपाच सेकंद घेतो आणि लवकर थांबत नाही, तेव्हा धीर धरा.

मग खालचं टोक दोन बोटांत अलगद धरा, एका बाजूला वीतभर झटकन न्या आणि लगेच परत मूळ जागी आणा. हात जाऊन परत आला पाहिजे. नुसता एका बाजूला नेला तर फुगवटा न उठता दोर तिरका होतो आणि झुलू लागतो. झटका जितका चटकन, पल्स तितकी अरुंद आणि मोजायला सोपी.

दोराच्या मधेच कुठेतरी तळहाताने टोला द्यायचा मोह होतो. तो टाळा. तिथून दोन पल्स निघतात, एक वर आणि एक खाली. खाली गेलेली मोकळ्या टोकावरून उलटून त्याच बाजूचा फुगवटा घेऊन पहिलीच्या मागे लागते. १ मीटरवर टोला दिला तर ही दुसरी पल्स १.२८ सेकंद मागून येते आणि चित्रात कुठली कुठली हे कळेनासं होतं.

चित्रीकरणाला मोबाईलचा स्लो मोशन वापरा. साध्या व्हिडिओत सेकंदाला ३० चित्रं असतात. दोन फितींमधला वेळ जेमतेम साडेनऊ चित्रांचा, त्यामुळे एका चित्राची चूक म्हणजे दहा टक्के चूक. २४० चित्रांच्या स्लो मोशनमध्ये तोच वेळ ७७ चित्रांचा होतो. एक काळजी घ्या: स्लो मोशन चालवताना पडद्यावर दिसणारे सेकंद खरे सेकंद नसतात. चित्रं मोजा आणि त्यांना २४० ने भागा.

मोबाईल समोरच्या जिन्यावर, दोराच्या मध्याच्या उंचीला, टेकवून ठेवा. झटका ज्या दिशेला देणार ती दिशा कॅमेऱ्याला आडवी हवी, नाहीतर फुगवटा कॅमेऱ्याकडे येतो आणि दिसतच नाही. सगळा दोर एका चौकटीत मावत नसेल तर वरच्या आणि खालच्या भागाचं चित्रीकरण वेगळ्या झटक्यांवर करा; फितींमधले फरकच मोजायचे असल्यामुळे ते चालतं.

वर जाताना पल्सचं रूप बदलतं, त्यासाठी डोळा तयार ठेवा. वेग वाढतो तशी ती लांबट होते आणि तिची उंची कमी होते. अर्ध्या मीटरवरून गाठीपर्यंत जाताना वेग चौपट होतो, म्हणून पल्सही चौपट पसरते. आणि ऊर्जा तेवढीच राहत असल्यामुळे फुगवटा साधारण निम्मा उरतो. हवेमुळे थोडा आणखी कमी होतो. सर्वांत वरच्या फितीपाशी पल्स दिसली नाही असं मुलं म्हणतात ती यामुळेच. तिथे फीत सर्वांत जास्त बाजूला गेलेली असते तो क्षण पकडायचा, आणि प्रत्येक फितीला हाच नियम लावायचा. एका फितीला हलायला लागली तो क्षण आणि दुसरीला टोक गाठलं तो क्षण, असं मिसळू नका.

पायरी ७: आकडे मांडा

झटका नेमका कधी दिला हे ठरवायच्या फंदात पडू नका. हात जाऊन येण्यातच दशांश-दोन दशांश सेकंद जातो. त्याऐवजी आलेखाच्या कागदावर आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर √y घ्या. पाच बिंदू सरळ रेषेत आले पाहिजेत. सुरुवातीचा क्षण चुकला असेल तर रेषा अख्खी सरकते, तिचा चढ बदलत नाही. चढ √g/2, म्हणजे १.५६५ च्या जवळ यायला हवा. त्याचा वर्ग करून चौपट केला की g मिळतो. वर्ग होत असल्यामुळे चढातली दोन टक्क्यांची चूक g मध्ये चार टक्के दिसते, तेव्हा ९.४ किंवा १०.२ आलं तर हिरमुसू नका.

सर्वांत खालच्या फितीवर जास्त भिस्त ठेवू नका. तिथे वेग १.५७ आहे, झटका ०.१५ सेकंदांचा असेल तर पल्स जवळजवळ २३ सेंटिमीटर रुंद झाली, आणि फीतच २५ सेंटिमीटरवर. पल्सच्या एका कडेला ताण जवळपास शून्य आणि दुसऱ्या कडेला बराच, अशा ठिकाणी ‘या बिंदूचा वेग’ म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. लांब साखळीच्या झुलण्याचं पूर्ण गणित डॅनियल बर्नुलीने १७३० च्या दशकात मांडलं, आणि ते टोकाजवळही चालतं. पण आपल्याला १ मीटरच्या वरचे चार बिंदू पुरेसे आहेत.

जुळलं नाही तर: हाताची ओढ

उत्तर चुकलं तर दहातल्या नऊ वेळा कारण एकच असतं. झटका देताना हाताने टोक नकळत खाली ओढलेलं असतं.

याचा परिणाम किती मोठा आहे ते हिशेबानेच पटेल. समजा हाताने अर्ध्या किलोच्या वजनाएवढी ओढ लावली. आपला दोर मीटरला पाव किलो, म्हणजे अर्धा किलो म्हणजे २ मीटर दोर. प्रत्येक बिंदूला आता असं वाटतं की माझ्या खाली आणखी २ मीटर दोर लटकला आहे. मग वेग √(g(y + 2)) आणि एकूण वेळ

t = (2/√g)·(√10 − √2)

म्हणजे १.१२ सेकंद. अर्ध्या किलोच्या ओढीने १.८१ चे १.१२ झाले. झटक्याच्या भरात एवढी ओढ सहज लागून जाते.

ओळखायचं कसं? ताल बघा. बरोबर प्रयोगात चारही अंतरं ०.३२ ची. ओढलेल्या दोरात ती ०.१५, ०.२१, ०.२५, ०.२७ अशी येतात. पहिला ठोका घाईत आणि पुढचे हळूहळू लांबत जाणारे. आलेखात खालचा भाग वाकलेला दिसतो. ताठ दोरही साधारण अशीच खूण दाखवतो, पण तिथे टोक सोडून दिल्यावरही ते वळलेलं राहतं, त्यामुळे दोघांत गोंधळ होत नाही.

उपाय सोपा आहे. वर एकाला उभं करा आणि गाठीच्या लगेच खाली त्याला झटका द्यायला सांगा. खालच्या टोकाला कोणाचाच हात लागत नाही. पल्स आता उलट प्रवास करते, सुरुवातीला वेगात आणि खाली येताना मंदावत, पण प्रत्येक उंचीवरचा वेग तोच असतो, म्हणून एकूण वेळही तोच १.८१. फुगवटा मात्र खाली येताना वाढत जातो आणि टोक चाबकासारखं उडतं. झटका लहान ठेवा, नाहीतर ‘फुगवटा लहान’ ही अट खाली मोडते.

खाली मुद्दाम भार बांधला तर

हाताची ओढ चूक होती, पण तोच हिशेब मुद्दाम वापरता येतो. विहिरीवर कप्पीवरून सोडलेल्या दोराला खाली भरलेली कळशी असते, तेव्हा हेच घडतं. M किलोचा भार म्हणजे M/μ मीटरचा न दिसणारा दोर खाली जोडल्यासारखा:

t = (2/√g)·(√(L + M/μ) − √(M/μ))

आपल्या दोराला १ किलो बांधा. न दिसणारा दोर ४ मीटरचा. खालच्या टोकाशी वेग आता शून्य नाही, ६.२६ आहे, वर तो १०.८४ होतो, आणि वेळ ०.९४ सेकंद. त्वरण अजूनही g/2 च असल्यामुळे टोकांच्या वेगांची सरासरी इथेही चालते: ८.५५, आणि ८ भागिले ८.५५ म्हणजे ०.९४.

आता २० किलो बांधल्याची कल्पना करा, म्हणजे ८० मीटरचा न दिसणारा दोर. खाली वेग २८, वर २९.४. जवळजवळ सारखाच. वेळ ०.२८ सेकंद, आणि मधल्या बिंदूचा ताण घेऊन सरळ भागाकार केला तरी तेवढाच येतो. आधी जी पद्धत चूक ठरली होती ती इथे बरोबर ठरते, कारण भारापुढे दोराचं स्वतःचं वजन नगण्य झालं आहे. पुस्तकातल्या गणितात ‘हलकी दोरी’ असं लिहिलेलं असतं त्याचा अर्थ हाच: दोरी किती ग्रॅमची हा प्रश्न नसतो, M/μ दोरीच्या लांबीपेक्षा कितीतरी मोठं आहे का, हा असतो.